पाथरीची सावली आणि साठ विकला

शके १४२५, म्हणजे इसवी सन १५०३. परभणी जिल्ह्यातल्या आजच्या पाथरीला तेव्हाचे संस्कृत पंडित पार्थपूर म्हणत. बहमनी राज्य मोडकळीला आलेलं होतं आणि वऱ्हाडची इमादशाही नि अहमदनगरची निजामशाही आपापले मुलूख आखून घेत होत्या. पुढे पाथरी परगण्यावरून या दोघांत भांडणंही झाली. निजामशाहीच्या मूळपुरुषाचे वाडवडील पाथरीचे कुलकर्णी होते असं फिरिश्ता लिहितो, त्यामुळे अहमदनगरकरांचा या गावावर डोळा असणं साहजिकच होतं. या धामधुमीत ज्ञानराज नावाचा एक दैवज्ञ पाथरीत बसून ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ लिहीत होता.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी संपूर्ण सिद्धांतग्रंथ रचायचा म्हणजे छाती लागते. ज्ञानराजाला ती होती. भास्कराचार्यांच्या काही मतांवर टीका करायलाही तो कचरला नाही. त्याचा मुलगा सूर्यदास तर पुढे लीलावती आणि बीजगणित या दोन्हींवर टीका लिहून गेला. शिवाय सरळ वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा निघते असं एक काव्यही त्याने रचलं. गणिती घराण्यातली माणसं फावल्या वेळात काय करतात, याचा तो नमुना आहे.

या घराण्याला, आणि त्या काळी पंचांग करणाऱ्या सगळ्यांनाच, एक प्रश्न चुकवता येत नव्हता. नक्षत्रांच्या चौकटीत सूर्य मेष राशीत कधी शिरतो, ते गणितातून निघतं. दिवसरात्र समान कधी होतात, ते अंगणातल्या सावलीतून कळतं. एके काळी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत असत. ज्ञानराजाच्या वेळी त्यांच्यात सोळा दिवसांचं अंतर पडलेलं होतं. १५०३ साली, तेव्हाच्या ज्युलियन दिनांकांत सांगायचं तर, सूर्य विषुववृत्तावर आला तो ११ मार्चच्या सुमारास आणि गणिताची मेषसंक्रांत झाली ती २७ मार्चच्या आसपास. या अंतराला अंशांत मोजलं की अयनांश मिळतात, आणि ते वाढत जातात म्हणून अयनचलन.

किती वाढतात, यावर जुन्यांचं एकमत नव्हतं. सूर्यसिद्धांताच्या मते संपातबिंदू झोके घेतो. इसवी सन ४९९ पासून तो वर्षाला ५४ विकला या गतीने सरकतो, १८०० वर्षांत २७ अंशांपर्यंत जातो आणि मग माघारी वळतो. दुसरीकडे मुंजालाने ९३२ साली ‘लघुमानसा’त वेगळाच हिशेब धरला. त्यानुसार शून्य अयनांशाचं वर्ष शके ४४४ आणि गती वर्षाला एक कला, म्हणजे साठ विकला. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहला’त अकरा अंश धरले, तेही जवळपास याच हिशेबातले. आणि ज्ञानराजानंतर सतराच वर्षांनी, १५२० साली, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त तो नियम अशा सोप्या रूपात बसवला की पुढची साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली: शकातून ४४४ वजा करा, साठाने भागा, आले अयनांश.

आता आपल्याला माहीत आहे की संपातबिंदू वर्षाला ५०.३ विकला सरकतो. म्हणजे गणेश दैवज्ञ दहा विकलांनी चुकले, एक पंचमांशाने चुकले, असं शाळेतल्या पुस्तकात सहज लिहिता येईल. पण हे पाथरीच्या अंगणात तपासून पाहू.

बारा अंगुळं उंचीचा शंकू उभा करायचा आणि भर दुपारची सावली मोजायची. पाथरी सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीची सावली उत्तरेला अकरा अंगुळांच्या थोडी पुढे जाते. जूनमध्ये सूर्य डोक्याच्याही उत्तरेला गेलेला असतो, म्हणून जेमतेम एक अंगुळ सावली पडते आणि तीही दक्षिणेला. सूर्याच्या या दोन टोकांच्या मधोमधची जागा काढली की गावाचा अक्षांश मिळतो, आणि विषुवदिनाची सावली, म्हणजे पलभा, किती असायला हवी ते ठरतं. पाथरीची पलभा चार अंगुळं आणि अकरा व्यंगुळं येते. मार्चमध्ये ज्या दिवशी दुपारची सावली एवढी भरेल, तो विषुवदिन.

या कृतीत अडचण कुठे येते, हे करून पाहणाऱ्याला लगेच कळतं. त्या दिवसांत सूर्य रोज ०.४ अंशाने उत्तरेकडे सरकतो आणि सावली रोज एक दशांश अंगुळापेक्षा किंचित कमी आखडते. पण सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचं टोक धारदार नसतं, त्याला एक अष्टमांश अंगुळाची अंधूक कड असते. म्हणजे एका दुपारच्या मोजणीवर विसंबलं तर एका दिवसाची गल्लत व्हायचीच. पुढच्यामागच्या अनेक दिवसांच्या सावल्या लिहून ठेवून त्यांचा मेळ घातला तर ती बरीच कमी होते.

आता तीन उमेदवार या सावलीपुढे उभे करू. शके १४२५ मधून ४४४ गेले, राहिले ९८१. साठ विकलांच्या नियमाने अयनांश आले १६ अंश २१ कला. सूर्यसिद्धांताच्या ५४ विकलांनी येतात १५ अंशांच्या थोडे वर. आणि आपल्या आजच्या, अगदी बरोबर असलेल्या, ५०.३ विकलांनी ९८१ वर्षांत भरतात १३ अंश ४२ कला. सावली सांगत होती सोळा. साठ विकलांचा नियम एक तृतीयांश अंशाने पुढे जात होता. सावलीत हा फरक तीन शतांश अंगुळाचा, कोणाच्या बापाला दिसणार नाही असा. सूर्यसिद्धांत साधारण एका दिवसाने मागे पडत होता, म्हणजे शंका घ्यावी एवढा. आपला खरा आकडा मात्र सव्वादोन दिवसांनी चुकत होता, सावलीत जवळजवळ पाव अंगुळाने. आधुनिक खगोलशास्त्राचा आकडा कोणी ज्ञानराजाच्या हातावर ठेवला असता, तर त्याने तो शंकूपाशी नेऊन खोटा ठरवला असता, आणि त्याच्या जागी ते योग्यच झालं असतं.

याचं कारण वर्षाच्या लांबीत आहे. सूर्यसिद्धांताचं वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३६ सेकंदांचं. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला प्रत्यक्षात ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं, १० सेकंद घेतो. फरक साडेतीन मिनिटांच्याही आतला. तेवढ्या वेळात सूर्य साडेआठ विकला चालतो. म्हणजे गणितातली मेषसंक्रांत ताऱ्यांनाही धरून राहत नव्हती, दर वर्षी साडेआठ विकला पुढे पुढे जात होती. संपातबिंदू तेव्हा ५०.२ विकला मागे येत होता आणि गणिताचा आरंभबिंदू साडेआठ विकला पुढे पळत होता. दोघांमधलं अंतर वर्षाला ५८.७ विकलांनी वाढत होतं. साठ हा आकडा त्या बेरजेला लागून आहे. सावलीवाल्याला फक्त बेरीज दिसते. तिच्यात पृथ्वीचा वाटा किती आणि आपल्याच वर्षमानाचा किती, हे वेगळं करायला तारे वेगळे मोजावे लागतात, तेही शेकडो वर्षांच्या अंतराने. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’च्या इतिहासात हे नीट उलगडून दाखवलं, म्हणून साठ विकलांकडे नुसती चूक म्हणून पाहण्याची सोय उरलेली नाही.

पण बेरीज कितीही अचूक असली तरी संपात मुळात का सरकतो, या प्रश्नाला पाथरीत उत्तर नव्हतं, नांदगावात नव्हतं आणि तेव्हाच्या युरोपातही नव्हतं. सगळीकडे ती ग्रहगोलांची आणखी एक गती म्हणून लिहून ठेवलेली होती. उत्तर मिळायला आधी पृथ्वी पुरती गोल नाही हे कळावं लागलं.

त्याचा धागा एका घड्याळाने दिला. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या काएनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक थोडा आखूड केल्यावर ते ताळ्यावर आलं. विषुववृत्तावर वजन कमी भरतं, असा त्याचा अर्थ. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त त्यावरून आणि स्वतःच्या गणितावरून ठरवलं की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी कमरेशी फुगलेली आहे. आजच्या मोजमापाने विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे एकवीस किलोमीटरांनी जास्त आहे. म्हणजे एका गोल चेंडूला मध्यावर वस्तुमानाचं एक जाड कडं घातल्यासारखी ती आहे, आणि हे कडं सूर्याभोवतीच्या मार्गाच्या पातळीला, क्रांतिवृत्ताला, साडेतेवीस अंशांनी तिरकं आहे.

जून महिन्याचा विचार करू. उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकलेला आहे. कड्याचा दुपारकडचा भाग तेव्हा क्रांतिवृत्ताच्या पातळीखाली, दक्षिणेला असतो. मध्यरात्रीकडचा भाग वर, उत्तरेला असतो. दुपारकडचा भाग सूर्याला जवळ म्हणून त्याच्यावर ओढ थोडी जास्त, मध्यरात्रीकडचा दूर म्हणून थोडी कमी. पृथ्वीच्या केंद्रावरच्या ओढीशी तुलना केली तर दुपारकडचा भाग उत्तरेकडे उचलला जातो आणि मध्यरात्रीकडचा खाली दबतो. दोन्ही जोर मिळून कडं क्रांतिवृत्ताच्या पातळीत आणू पाहतात, म्हणजेच पृथ्वीचा आस सरळ उभा करू पाहतात. पृथ्वी फिरत नसती तर तसंच झालं असतं.

पण ती फिरते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कड्याच्या एका तुकड्याच्या मागे जाऊ. तो दुपारी पातळीखाली आहे. पूर्वेकडे फिरत फिरत सूर्यास्ताच्या बाजूला पोचेल तेव्हा तो क्रांतिवृत्ताची पातळी खालून वर ओलांडणार. पण वाटेत त्याला उत्तरेकडे ढकललं गेलं आहे, म्हणून तो ठरल्या जागेच्या थोडा आधीच पातळीशी पोचतो आणि तिथेच ती ओलांडतो. मध्यरात्रीच्या बाजूचा तुकडा दक्षिणेकडे ढकलला गेलेला असतो. तोही सूर्योदयाच्या बाजूला पातळी वरून खाली ओलांडतो, आणि तोही थोडा आधीच. हे सारे तुकडे घन पृथ्वीत एकमेकांना बांधलेले आहेत, तेव्हा त्यांच्या ओलांडण्याच्या जागा एकत्रच मागे सरकतात. विषुववृत्त जिथे क्रांतिवृत्ताला छेदतं ते बिंदू म्हणजे संपात. ते मागे येतात. आसाचा कल तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा आकाशात हळूहळू गोल फिरते. जोर लागतो कल कमी करायला आणि हालचाल होते आडवी. एका बाबतीत हे मुलांच्या भोवऱ्याच्या उलट आहे: भोवऱ्याला गुरुत्व पाडू पाहतं म्हणून त्याचा आस फिरकीच्याच दिशेने घुमतो, पृथ्वीला सूर्य-चंद्र उभी करू पाहतात म्हणून तिचा आस फिरकीच्या विरुद्ध दिशेने घुमतो.

डिसेंबरात सगळं उलटं होतं, तरी परिणाम तोच. दुपारकडचा भाग तेव्हा पातळीच्या वर असतो, तो खाली ढकलला जातो आणि पुन्हा ठरल्या जागेआधी ओलांडतो. म्हणून वर्षाच्या दोन अर्धांचे परिणाम एकमेकांना खोडत नाहीत, साठत जातात. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सूर्य नेमका विषुववृत्ताच्या पातळीत असतो, कड्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. त्या दिवशी वळवणारा जोर शून्य. म्हणजे ज्या दिवशी पाथरीची सावली पलभेएवढी भरते, त्या दिवशी सूर्य संपाताला मुळीच हलवत नाही.

चंद्रही हेच करतो आणि सूर्यापेक्षा जास्त करतो. सूर्य चंद्राच्या पावणेतीन कोटी पट जड आहे, पण ३९० पट लांब. इथे महत्त्व एकूण ओढीला नाही, कड्याच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीत किती फरक पडतो याला आहे, आणि तो फरक अंतराच्या घनाने घटतो. ३९० चा घन जवळजवळ सहा कोटी. म्हणून चंद्राचा जोर सूर्याच्या दुपटीहून थोडा अधिक भरतो. वर्षाच्या पन्नास विकलांपैकी सुमारे चौतीस चंद्राच्या आणि सोळा सूर्याच्या. पूर्ण फेरा सुमारे २५,८०० वर्षांचा.

न्यूटनने हे कारण ओळखलं, ते त्याचं मोठेपण. पण त्याचं गणित पाहिलं तर साठ विकलांची आठवण येते. त्याने सूर्याला नऊ विकला दिल्या आणि चंद्राला एकेचाळीस; बेरीज पन्नास, निरीक्षणाशी तंतोतंत. वाटणी मात्र साफ चुकलेली होती. भरती-ओहोटीवरून त्याने चंद्राचा जोर सूर्याच्या साडेचार पट धरला होता, आणि १७१३ च्या आवृत्तीत आकडे पन्नासाकडे नेण्यासाठी बरीच ओढाताणही केली होती. पाथरीकरांना बेरीज तरी सावलीने दिली होती, न्यूटनने ती आधी डोळ्यांपुढे ठेवून मागे गणित केलं, असं म्हणायला जागा आहे. वाटणी सुधारायला आणखी एक निरीक्षण लागलं. जेम्स ब्रॅडलीने वीस वर्षं एका ताऱ्याचा पाठपुरावा करून १७४८ साली जाहीर केलं की पृथ्वीचा आस नुसता घुमत नाही, १८.६ वर्षांच्या काळात नऊ विकलांनी डुलतोही. चंद्राच्या कक्षेची पातळी तेवढ्याच काळात एक फेरा करते, म्हणजे हे डुलणं निव्वळ चंद्राचं काम. त्यावरून चंद्राचा वाटा वेगळा मोजता आला, आणि द’आलंबेरने पुढच्याच वर्षी, १७४९ मध्ये, घन पृथ्वीसाठी नीट गणित मांडलं.

हे गणित महाराष्ट्रात पोचलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि आल्याबरोबर भांडण घेऊन आलं. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ छापली, आणि १८६५ पासून त्यांच्या हिशेबाने पटवर्धनी पंचांग निघू लागलं. त्यांनी अयनगती खरी, पन्नास विकलांची घेतली आणि आरंभ रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरला. त्यामुळे त्यांचे अयनांश ‘ग्रहलाघवा’पेक्षा चार अंशांनी कमी आले आणि त्यांच्या पंचांगात संक्रांत चार दिवस आधी पडू लागली. गावोगावच्या जोशांनी हे कसं घेतलं असेल याची कल्पना करायला फार कष्ट नकोत. अधिक अचूक गणित घेऊन आलेला माणूस लोकांच्या तिळगुळाचा दिवस बदलत होता. टिळक, केतकर आणि इतरांनी त्यावर पुढे कैक वर्षं वाद घातला. दीक्षितांचा कल तर ताऱ्यांना सोडून सरळ संपातापासूनच मोजावं, म्हणजे सायन मानावं, याकडे होता. अखेर मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. त्यात २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवण्यात आले. गणेश दैवज्ञांच्या नियमाने त्या साली, शके १८७८ ला, २३ अंश ५४ कला येतात.

या सगळ्याचा एक ठसा तुमच्याआमच्या दिनदर्शिकेत आहे. संक्रांत चौदा जानेवारीलाच येते असं आपण धरून चालतो. जुन्या वर्षमानाने ती साठ वर्षांत एक दिवस पुढे जाते, आणि खऱ्या नाक्षत्र वर्षाने सुमारे बहात्तर वर्षांत. विवेकानंदांचा जन्म १८६३ मधल्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी होती. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणून ती संक्रांतीला झाली असं अजूनही सांगितलं आणि छापलं जातं. त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती.